आत्याचे पाय : बारा आठवड्यांच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

आत्या ६६ वर्षांची, वजन ५२ किलो, पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला तेव्हा अकरा दिवस अंथरुणाला खिळून होती. वजन तीन किलोंनी उतरलं होतं, ते एप्रिलपर्यंत भरून आलं आणि घरात सगळ्यांना वाटलं, झालं, बरी झाली. पण काल देवपूजा आटोपून पाटावरून उठताना तिने एक हात देव्हाऱ्याच्या कडेला आणि दुसरा जमिनीवर टेकला, तरी पहिल्या खेपेला उठता आलं नाही. मी साताऱ्यात रोज दहा-बारा म्हाताऱ्या माणसांना चालवते, उठवते. माझ्याच घरातलं हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले, याचं फार वाईट वाटलं.

वजन परत आलं, पण ते स्नायूंचं नव्हतं. दहा दिवस नुसतं पडून राहिल्यावर धडधाकट ज्येष्ठांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस जातं, हे २००७ साली एका अभ्यासात मोजलेलं आहे. ते आपोआप परत येत नाही. त्यानंतरच्या दोन महिन्यांत चहा-बिस्किटं आणि मऊ भातावर जे वजन वाढतं, ते बहुतेक चरबीचं असतं. म्हणून या वहीत वजनाचा आकडा लिहीन, पण त्याच्यावर निर्णय घेणार नाही.

आज मोजमापं घेतली. भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची, हात छातीवर आडवे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहते ते पाहिलं : ९ वेळा. तिच्या वयाच्या बाईला ११ च्या खाली आकडा आला तर तो कमी धरतात. सलग पाच वेळा उठायला १५ सेकंद लागले, आशियाई लोकांसाठीच्या २०१९ च्या निकषात १२ सेकंद लागले तरी ती धोक्याची खूण मानली आहे. मुठीची ताकद १७ किलो, बायकांसाठी १८ च्या खाली म्हणजे कमी. पोटरीचा घेर ३१.५ सेंटिमीटर, तिथे ३३ हवा. चार मीटर चालायला साडेचार सेकंद.

याला संभाव्य सार्कोपेनिया म्हणता येईल, म्हणजे वयामुळे स्नायू आणि ताकद दोन्ही घटणं. पक्कं निदान करायला स्नायूंचं प्रमाण मोजणारी तपासणी लागते, पण व्यायाम आणि आहार सुरू करायला तिची वाट बघण्याची गरज नाही.

४ जून

डॉक्टरांकडे जाऊन आलो. प्रथिनं वाढवायच्या आधी मूत्रपिंडं तपासणं मला आवश्यक वाटतं, कारण मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर डॉक्टर उलट प्रथिनं मर्यादित ठेवायला सांगतात. क्रिएटिनिन ०.८, लघवीतून प्रथिन जात नाही. रक्तदाब एका गोळीवर ताब्यात. हाडांची घनता मणक्यात थोडी कमी आहे, म्हणून वजन घेऊन पाठ वाकवायची नाही, कमरेतून पीळ द्यायचा नाही. ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची गोळी दिली. व्यायामाला डॉक्टरांची हरकत नाही.

५ जून

काल आत्याने दिवसभरात जे खाल्लं ते सगळं मी तोलून लिहिलं. ओट्यावर छोटा वजनकाटा ठेवला आहे आणि नियम एकच : डाळ, पीठ, तांदूळ कच्चे असतानाच तोलायचे.

सकाळी पोहे, वर थोडे शेंगदाणे : साडेपाच ग्रॅम प्रथिन. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, थोडा भात, ताक : १५ ग्रॅम. रात्री एक भाकरी, पालेभाजी, अर्धा कप दूध : ११ ग्रॅम. दोन वेळचा चहा, बिस्किटं आणि संध्याकाळचा चिवडा मिळून ६. बेरीज साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.७. भारतीय शिफारस सर्वसाधारण प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे. साठीपुढच्या निरोगी माणसांसाठी या विषयातले जाणकार १ ते १.२ सांगतात आणि आजारातून उठलेल्यांसाठी त्याहून थोडं जास्त. मी १.२ धरते, म्हणजे दिवसाला ६२ ग्रॅम.

आत्या म्हणाली, "अगं, मी रोज वरण खाते. डाळीच्या पाण्यासारखं पौष्टिक काही नाही." तेव्हा तिच्यासमोर तिच्या पातळ वरणाचा हिशोब मांडला. एका वाटीत कच्ची डाळ जेमतेम १५ ग्रॅम होती, म्हणजे प्रथिन साडेतीन ग्रॅम. प्रथिन डाळीत आहे, वरच्या पाण्यात नाही. तीच वाटी घट्ट केली आणि ४० ग्रॅम डाळ घेतली तर नऊ ग्रॅम मिळतं. तिने काट्याकडे दोनदा बघितलं आणि "मग घट्ट करू" म्हणाली. चाळीस वर्षं ज्या हाताने वरण केलं त्या हाताला हे पटणं सोपं नव्हतं.

६ जून

बेरजेइतकीच वाटणी महत्त्वाची आहे. तरुण शरीरात थोडं प्रथिन गेलं तरी स्नायू बांधायचं काम सुरू होतं. वय वाढलं की तेच काम सुरू व्हायला एका वेळी जास्त प्रथिन लागतं, किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम. आत्यासाठी म्हणजे एका जेवणात २१ ग्रॅम. तिच्या एकाही जेवणात तेवढं नव्हतं. सकाळ तर अगदीच कोरडी जात होती.

म्हणून ठरवलं ते असं. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून केलेली दोन धिरडी, वाटीभर दही आणि कपभर दूध : २१ ते २२ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, भाजी, दही आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी, प्रथिन सकाळइतकंच. भात दोन घास. रात्री भाकरी, पालेभाजी, दीड वाटी दूध आणि ५० ग्रॅम पनीर, किंवा पनीरऐवजी ४० ग्रॅम बेसनाचा घट्ट झुणका. पोहे-उपमा रविवारी ठेवले, कारण ते तिला मनापासून आवडतात आणि आवडीचं तोडून टाकलं की नियम फार दिवस टिकत नाही.

९ जून, सोमवार

व्यायामाचा पहिला दिवस. आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार, न्याहारीनंतर दीड तासाने. मधले दिवस स्नायूंना सावरायला.

सहा प्रकार घेतले. खुर्चीतून उठणं-बसणं. वाड्याच्या खालच्या पायरीवर चढणं-उतरणं, एका वेळी एक पाय. ओट्याला धरून टाचा उचलणं. ओट्यावर तळहात टेकवून छाती खाली नेणं आणि वर ढकलणं. खिडकीच्या गजाला अडकवलेला रबरी पट्टा कोपर मागे नेत ओढणं. बाजूला पाय उचलणं. प्रत्येकी दहा वेळा, दोन फेऱ्या, मधे दीड मिनिट बसणं. सगळं मिळून ३५ मिनिटं.

खुर्ची तिला नीची पडत होती. सतरंजीची घडी ठेवून बैठक तीन बोटं उंच केली, तेव्हा हात न लावता उठली. सुरुवात कुठून करायची याची माझी खूण : दहावी खेप झाल्यावर "अजून तीनदा जमलं असतं" असं तिला वाटलं पाहिजे. "अजून वीसदा जमेल" वाटलं तर ते हलकं, आणि नवव्या खेपेला अंग हेलकावे खाऊ लागलं तर जड.

एक चूक लगेच दिसली. जोर लावताना ती श्वास कोंडून धरते. त्याने रक्तदाब एकदम चढतो आणि डोळ्यांसमोर अंधारी येऊ शकते. उपाय साधा, उठताना आकडा मोठ्याने म्हणायचा. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही.

१६ जून

पोट फुगलं, दोन दिवस साफ नाही. चूक माझी. धिरडी, घट्ट वरण, रात्री झुणका, सगळं एका आठवड्यात वाढवलं. डाळींचं प्रमाण टप्प्याने वाढवायला हवं होतं. आता रात्रीचा झुणका बंद, त्या जागी पनीर. मूगडाळ रात्रभर भिजवायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. दुपारी पालेभाजी वाढवली. पाण्याचा तांब्या तिच्या खुर्चीशेजारी ठेवला, कारण ती तहान लागेपर्यंत पीत नाही आणि या वयात तहान लागतेच कमी.

२३ जून

पोट ठीक. आता उजवा गुडघा पुढून दुखतो म्हणाली. व्यायाम करताना दहापैकी पाच इतका, दुसऱ्या दिवशी जिना उतरतानाही. माझा नियम असा : तीनपर्यंतचं दुखणं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमणारं चालेल. हे त्याच्या बाहेरचं होतं, म्हणून तिला बाजूने उभी राहून बघितलं. पावलं फार पुढे ठेवून, पाठ ताठ ठेवून उठत होती, आणि उजवा गुडघा आत झुकत होता. सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर.

पावलं मागे घ्यायला लावली, गुडघ्यांच्या थोडी मागेच. "नाक पायाच्या बोटांवर आण आणि मग ऊठ" एवढंच सांगितलं. गुडघ्यांच्या वर सैल रबरी पट्टा बांधला आणि तो ताणून धरायला सांगितला, म्हणजे गुडघे आत येत नाहीत. बैठक आणखी एका घडीने उंच. पायरी आठवडाभर बंद. व्यायाम पूर्ण थांबवला नाही. अशा वेळी सगळं सोडून दिलं की पायांत मिळवलेलं थोडंफारही जातं, आणि मग परत सुरू करायची भीती बसते.

३० जून

गुडघा शांत. सतरंजीची एक घडी काढली. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश बसायचं, हे आजपासून. धपकन बसलं की अर्धा व्यायाम वाया जातो.

६ जुलै, आषाढी एकादशी

आत्याची एकादशी कधी चुकत नाही, आणि मी ती चुकवायला सांगणार नाही. पण आजवरची तिची एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाटा, साबुदाण्याची पापडी. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही नाही. खिचडीत जे काही आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं.

आज राजगिऱ्याच्या पिठाची थालीपिठं (५० ग्रॅम पीठ, ७ ग्रॅम प्रथिन), दीडशे ग्रॅम दही (५ ग्रॅम), ३० ग्रॅम शेंगदाण्यांची आमटी (साडेसात ग्रॅम). एका वेळचे साडेएकोणीस. हेच रात्री थोडं फिरवून, आणि सकाळी दूध-शेंगदाणे. दिवसाची बेरीज ५२ पर्यंत गेली. साठ नाही, पण मागच्या एकादशीला ती २० च्याही खाली होती. आत्या म्हणाली, "विठोबाला राजगिरा चालतो, मला का नको?"

१४ जुलै, सोमवार

सहा आठवडे झाले. ३० सेकंदांत १२ वेळा उठली. मूठ साडेसतरा किलो. पोटरी तेवढीच, ३१.५. वजन ५२.४.

पोटरीचा आकडा बघून ती हिरमुसली. "एवढं खाल्लं ते गेलं कुठे?" हे तिला नीट सांगावं लागलं. पहिल्या दीड-दोन महिन्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जातंतूंची असते. मेंदू आहे त्याच स्नायूतले जास्त धागे एका वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायू जाड व्हायला त्याहून जास्त काळ लागतो. म्हणून उठण्याची संख्या आधी वाढते आणि टेप नंतर हलते. उलटा क्रम दिसला, म्हणजे वजन वाढतंय पण उठणं तेवढंच, तर ताटात काहीतरी चुकतंय किंवा व्यायाम हलका पडतोय असं समजायचं.

आजपासून वजन. मिठाचा एक किलोचा पुडा कापडी पिशवीत घालून छातीशी धरायचा. डंबेल आणण्यापेक्षा हे मला बरं वाटतं, कारण एकेक किलोने वाढवता येतं आणि गरज संपल्यावर मीठ वापरताही येतं.

२४ जुलै

शेजारच्या घरातून प्रथिनांच्या पावडरीचा डबा आला, व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाचा. आत्याचं म्हणणं, "हा घेतला की व्यायामाची गरज नाही ना?"

पावडर वाईट नाही. दुधापासूनचीच आहे, एका मापात २४ ग्रॅम प्रथिन आहे, आणि ज्या आजोबांना दात नाहीत किंवा दोन घासांवर भूक संपते त्यांना मी स्वतः सुचवते. पण नुसत्या पोषणाने पाय उठत नाहीत. १९९४ साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमासारख्या ठिकाणच्या शंभर जणांवर दहा आठवडे प्रयोग झाला होता, सरासरी वय ८७. ज्यांनी पायांचे वजनाचे व्यायाम केले त्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. ज्यांना फक्त पूरक पेय दिलं त्यांच्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. स्नायूला कामाचा भार पडला की तो ताटातल्या प्रथिनाला हाक मारतो. भार नसेल तर ते प्रथिन इंधन म्हणून जळून जातं.

डबा परत केला. आत्याचं ताट आता पुरेसं आहे.

२८ जुलै, श्रावणी सोमवार

श्रावणात सोमवारचा उपास आणि सोमवारचाच व्यायाम, हे एकत्र येणार हे मी आधी पाहायला हवं होतं. दिवसभर उपाशी राहून पिशवी उचलायची नाही. श्रावणापुरते दिवस बदलले : मंगळवार आणि शुक्रवार. सोमवारी संध्याकाळी उपास सोडताना पूर्ण जेवण असतंच, त्यात घट्ट वरण आणि दही ठेवलं. रात्री झोपताना दूध. मंगळवारी सकाळी धिरडी. असं केलं की व्यायाम दोन चांगल्या जेवणांनंतर येतो.

८ ऑगस्ट

अडकलो आहोत. तीन पुडे, दोन फेऱ्या, बारा वेळा. गेल्या पाच वेळांची पानं उलटली तर हेच. ताट तपासलं, ठीक आहे. झोप ठीक. मग आज बाराव्या खेपेनंतर विचारलं, "अजून किती जमलं असतं?" आत्या हळूच म्हणाली, "दहा तरी. पण तू चौथा पुडा घालशील म्हणून बोलले नाही. मला पडायची भीती वाटते."

हे ऐकून मी गप्पच झाले. मी आकडे लिहीत होते आणि तिची भीती लिहीत नव्हते. नियम असा होता की सलग दोन दिवस दोन्ही फेऱ्यांत बारा जमले की वजन वाढवायचं, आणि तो मीच पाळला नव्हता. इतक्या वेळा तेच वजन उचललं तर शरीराला बदलायचं कारणच राहत नाही.

खुर्ची दोन भिंतींच्या कोपऱ्यात नेली, समोर जड टेबल सरकवलं. पडायला जागाच नाही असं झाल्यावर चौथा पुडा घातला. नऊ वेळा उठली. नववी खेप सावकाश आणि थरथरत, पण सरळ. हवी होती ती मेहनत हीच.

१३ ऑगस्ट

ताप. व्यायाम बंद. पडून राहायचं नाही एवढाच आग्रह : जेवायला खुर्चीत, दर दोन तासांनी खोलीतून एक फेरी. भूक नाही, म्हणून कपभर दुधात दोन चमचे दूध पावडर घालून तीनदा, आणि मुगाचं घट्ट कढण. फेब्रुवारीतले अकरा दिवस आठवून रात्री झोप लागली नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

ताप उतरून तीन दिवस. दोन पुड्यांवर सुरुवात, एकच फेरी. जमलं. पुढच्या दिवशी तीन पुडे.

२५ ऑगस्ट, सोमवार

बारा आठवड्यांची मोजमापं. ३० सेकंदांत १४ वेळा. पाच वेळा उठायला पावणेअकरा सेकंद. मूठ १९ किलो. चार मीटर ३.७ सेकंदांत. पोटरी ३२, पण अर्धा सेंटिमीटर टेप धरण्यातल्या फरकानेही येऊ शकतो, म्हणून तो वाढ म्हणून धरत नाही. वजन ५२.६.

पाटावरून उठणं वेगळं पाहिलं, कारण सुरुवात तिथून झाली होती. अजून हात टेकवल्याशिवाय जमत नाही. एक गुडघा जमिनीवर, दुसरं पाऊल पुढे, एक हात त्या मांडीवर, आणि पहिल्या खेपेला उठली. देव्हाऱ्याला हात लागला नाही. खुर्चीतली ताकद जमिनीवर आपोआप उतरत नाही, कारण तिथे गुडघा आणि नितंब फार जास्त वाकलेल्या स्थितीतून जोर लावावा लागतो. तो सराव वेगळा करायला हवा होता आणि मी तो योजनेत ठेवलाच नव्हता.

परवा गणपती बसतो. दहा दिवस पाहुणे, मोदक, आरत्या. व्यायाम गुरुवारी एकदाच, सकाळचं धिरडं मात्र रोज. विसर्जनानंतरच्या सोमवारपासून परत आठवड्यातून दोनदा : खुर्चीऐवजी स्वयंपाकघरातलं नीचं स्टूल, दोन पुडे, आणि शेवटी पाटावरून उठणं पाच वेळा, आधी दोन उशांची उंची देऊन. आत्याने पाट धुऊन उन्हात ठेवला आहे.